फोन वाजायच्या आधी स्पीकर का गुरगुरतो? आणि त्याच टेबलावरचा दुसरा फोन गप्प का?

उंबरठा_इचल
बाबांचं शिवणकामाचं दुकान आहे. कटिंगच्या टेबलाखाली फळीवर एक जुना अॅम्प्लिफायर आहे, गावातल्याच एका मेकॅनिकनं डब्यात बसवून दिलेला. त्याला दोन स्पीकर जोडलेत आणि गाणी लावायला कॉम्प्युटरकडून वायर आणली आहे. दिवसभर रेडिओसारखं चालू असतं.

बाबांचा बटणांचा फोन या टेबलावर ठेवला की फोन यायच्या दोन-तीन सेकंद आधी स्पीकरमधून 'टक्-टक्-टक्... टक्-टक्-टक्... घुर्रर्र' असा आवाज येतो. मग रिंग. मेसेज आला तरी टकटक होतं, फक्त लांब घुर्र होत नाही. लहानपणापासून हे ऐकत आलोय, कधी विचार केला नव्हता. परवा माझा स्मार्टफोन त्याच जागी ठेवला, चार-पाच फोन आले, स्पीकर हूं की चूं नाही. बाबा म्हणाले, "तुझा फोन भारी आहे, म्हणून."

माझे प्रश्न दोन. स्पीकरला फोनच्या आधी कसं कळतं? आणि एक फोन गुरगुरतो, दुसरा नाही, हे कसं? जमलं तर तिसरा: हे बंद कसं करायचं?

पावशेर
सोपं आहे. टॉवरकडून तुमच्या फोनसाठी लहर येते, ती वाटेत स्पीकरच्या लोहचुंबकाला लागते. फोनला रिंग वाजवायला थोडा वेळ लागतो, चुंबकाला लगेच कळतं. म्हणून स्पीकर आधी बोलतो. नवीन फोनची लहर बारीक असते, त्यामुळे चुंबकाला कळत नाही.

जुना_डागवाला
पावशेर, तुमचं अर्ध बरोबर आहे. लहरीचं बरोबर, पण दिशा उलटी. आणि चुंबकाचा इथे काही हात नाही. (माझी ओळख: तीस वर्षं रेडिओ, टेप आणि लाऊडस्पीकरवाल्यांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त केले. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून लिहितो.)

टॉवर दिवसरात्र बोलतच असतो. त्याची लहर स्पीकरला ऐकू येत असती तर स्पीकर चोवीस तास गुरगुरला असता. टॉवर किलोमीटरभर लांब, तिथून दुकानात पोचेपर्यंत लहरीत काही दम उरत नाही. आवाज करतो तो टेबलावरचा फोन, कारण तो वीतभर अंतरावरून ओरडतो.

आता क्रम बघा. तुम्हाला कुणी फोन लावला की टॉवर परिसरातल्या सगळ्या फोनांना ऐकू जाईल असा पुकारा करतो. फोन तो नुसता ऐकतो, त्या वेळी स्पीकर शांत असतो. पुकारा आपल्यासाठी आहे हे कळल्यावर फोन उत्तर देतो: "आहे मी." ही पहिली हाक तो सगळ्यात जोरात देतो, कारण टॉवरनं त्याला अजून 'हळू बोल' असं सांगितलेलं नसतं. मग एक छोटी वाट मिळते, तिच्यावर ओळखपाळख होते: सिम खरं आहे का, बोलणं गुप्त कसं ठेवायचं, फोन कुणाचा आलाय. तुमची टकटक ती ही. ते झाल्यावर बोलण्यासाठी पक्की वाट मिळते आणि घुर्रर्र सुरू होतं. आणि मग फोन रिंग वाजवतो. स्पीकरला आधी काही कळत नाही, फोनलाच आधी कळलेलं असतं. आपल्याला तो शेवटी सांगतो, एवढंच.

मेसेज त्या छोट्या वाटेवरूनच येतो, पक्की वाट लागत नाही. म्हणून टकटक आहे, घुर्र नाही. तुम्ही ते बरोबर टिपलंय.

पावशेर
ठीक, दिशा मान्य. पण चुंबक नाही तर मग आवाज होतो कसा? फोनची लहर ९०० मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी वेळा. कानाला वीस हजाराच्या वर काही ऐकू येत नाही.

जुना_डागवाला
हा खरा प्रश्न. आणि याच्या उत्तरातच दुसऱ्या फोनचं उत्तर आहे.

बटणांचा फोन २जीवर चालतो. २जीमध्ये एकाच वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीनं बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला ०.५७७ मिलिसेकंद येतात, मग इतर सात जणांची पाळी होईपर्यंत गप्प. आठ पाळ्यांचा फेरा ४.६१५ मिलिसेकंदांत पुरा होतो. म्हणजे तुमचा फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा पूर्ण जोरात पेटतो आणि पूर्ण विझतो. नव्वद कोटी ऐकू येत नाही, पण २१७ चांगलं ऐकू येतं.

आता ते पेटणं-विझणं अॅम्प्लिफायरला कळतं कसं? कॉम्प्युटरपासून आलेली वायर बघा. ९०० मेगाहर्ट्झला पाव लहर ८ सेंटिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे हात-दीड हात वायर म्हणजे आयती एरियल. लहर वायरीवरून आयसीच्या पायापर्यंत जाते. आयसीमध्ये आत ट्रान्झिस्टर, ट्रान्झिस्टरमध्ये डायोडसारखा जोड. नव्वद कोटींच्या वेगाची लहर त्याला मोठी करता येत नाही, पण तो लहरीचा एक बाजूचा भाग जास्त जाऊ देतो, दुसऱ्या बाजूचा कमी. जुन्या रेडिओत डायोड जे काम मुद्दाम करायचा, ते इथे आयसी न मागता करते. लहर गळून पडते, तिच्या जोराची चढउतार मागे उरते. ती चढउतार म्हणजे २१७चा सूर. पुढचा अॅम्प्लिफायर बिचारा प्रामाणिक, तो त्याला गाणं समजून मोठं करतो.

एकदा करून बघा. अॅम्प्लिफायरच्या वायरी काढून नुसता स्पीकर फोनजवळ धरा. चुंबक तेच, फोन तोच, आवाज शून्य.

सूरपेटी
मी पेट्यांचं ट्यूनिंग करतो. २१७ वाचून थांबलो. आमच्याकडे लावायला आलेल्या पेट्यांच्या खोलीत पूर्वी कुणाचा फोन आला की कोपऱ्यातला टेप गुरगुरायचा, आणि मला तो सूर पांढरी सहाच्या जवळचा वाटायचा, खालच्या सप्तकातली. एकदा चालू फोनवर पेटीची तीच पट्टी धरून ठेवली होती. दोन्हीत हेलकावे आले, सेकंदाला तीनेक. म्हणजे घुर्र पट्टीपेक्षा थोडं उतरलेलं किंवा चढलेलं. कानाला उतरलेलं वाटलं.

पण आणखी एक. त्या घुर्रमध्ये आतून एक वेगळी थरथर होती, हेलकाव्यांपेक्षा जलद. ती पेटी बंद केल्यावरही होती. ती कशाची?

जुना_डागवाला
वा! कान असावा तर असा. तुमची पांढरी सहा २२०, फोनचा फेरा २१६.७. वजाबाकी ३.३. तुम्ही म्हणताय तेच, सेकंदाला तीनेक हेलकावे, आणि घुर्र उतरलेलंच.

थरथरीचंही कारण आहे. बोलणं चालू असताना फोन दर सव्वीस फेऱ्यांत एक फेरा गप्प बसतो, त्या वेळात शेजारच्या टॉवरांकडे कान लावतो. सव्वीस फेरे म्हणजे १२० मिलिसेकंद. सेकंदाला आठ-सव्वाआठ वेळा सुराला भोक पडतं.

आणि हा सूर गोल नसतो, खरखरीत असतो, कारण पेटणं एक अष्टमांश वेळ आणि विझणं सात अष्टमांश. अशा टोकदार ठोक्यात वरचे सूरही खच्चून भरलेले असतात. म्हणून छोट्या डबा-स्पीकरला खर्ज येत नसला तरी घुर्र बरोबर ऐकू येतं.

मनीप्लांट
आमच्याकडे पण असाच त्रास आहे हो. होम थिएटरमधून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येतो. पंखा चालू केला की वाढतो. फोन बंद ठेवून बघितला तरी आहे. कुठला फोन घ्यावा म्हणजे जाईल?

जुना_डागवाला
ताई, फोन घेऊ नका, पैसे वाचवा. तुमचा घूं विजेचा आहे, ५० किंवा १०० हर्ट्झचा, जाड आणि अखंड. फोनचा आवाज तुटक असतो आणि सुरानं एक सप्तक तरी वर. टीव्ही आणि होम थिएटर एकाच पट्टीवर लावून बघा, सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. अर्थिंगचा घोटाळा असावा. वेगळा धागा काढलात तर तिथे बोलू.

मनीप्लांट
केबल काढल्यावर गेला!! धन्यवाद. पण आता टीव्ही दिसत नाही.

वहीतलेपान
२००३-०४च्या सुमारास आमच्या हॉस्टेलवर हे सगळ्यांना माहीत होतं. ज्याच्या कॉम्प्युटरचे स्पीकर टकटकले तो आपापला फोन बघायचा. पण खोलीत एकाकडे रिलायन्सचा पाचशे एकवाला फोन होता. त्याचा फोन स्पीकरवर ठेवला तरी काही नाही. आम्ही म्हणायचो, याला रेंजच नसते. तो सीडीएमए होता. त्याचं पण काही कारण आहे का?

आणि तेव्हा फोनच्या पाठीवर लावायचे चमकणारे स्टिकर मिळायचे. रिंगच्या आधीच लुकलुकायचे. बॅटरी नाही, काही नाही.

जुना_डागवाला
सीडीएमएमध्ये पाळी नसते. सगळे फोन एकाच वेळी बोलतात, प्रत्येकाची सांकेतिक भाषा वेगळी. त्यामुळे २१७चा पेटणं-विझणं हा खेळच नाही. शिवाय जोरही कमी. २जीचा फोन ९०० मेगाहर्ट्झवर पाळी आली की २ वॉटपर्यंत जातो, १८०० वर १ वॉटपर्यंत. ३जी, ४जीचा फोन साधारण पाव वॉटच्या आतबाहेर थांबतो.

डायोडच्या जोडाला सपाट लहर मिळाली तर तो सपाट दाब देतो. सपाट दाब स्पीकरला ऐकू येत नाही. चढउतार हवी, आणि ती कानाच्या पट्ट्यातली हवी. उंबरठा, तुमच्या स्मार्टफोनचं उत्तर हेच. बाबांना सांगा, फोन भारी म्हणून नाही, बोलण्याची पद्धत वेगळी म्हणून. सिम कुठलं आहे तुमचं?

स्टिकरमध्ये एक इवलीशी वेटोळी तार, तीच एरियल, आणि एलईडी. फोनच्या लहरीवरच पेटायचे. एलईडी पेटवायला पुरेल एवढा जोर त्या दोन वॉटमध्ये होता, यावरून समजा तुमच्या आयसीवर काय कोसळत असेल.

उंबरठा_इचल
जिओचं सिम आहे माझं.

जुना_डागवाला
मग प्रश्न मिटला. जिओकडे २जी नाहीच, २०१६मध्ये सुरू झालं तेच ४जीवर. बाबांचं सिम दुसऱ्या कंपनीचं असणार.

उंबरठा_इचल
हो, दुसरंच आहे. आज एक गंमत बघितली. बाबा फोनवर बोलत असताना मी स्पीकरकडे कान ठेवून बसलो. बाबा बोलतात तेव्हा सलग घुर्र. समोरचा बोलतो आणि बाबा नुसते ऐकतात तेव्हा घुर्र तुटतं, मधूनच टक्, मग बराच वेळ काही नाही. आत्याचा फोन होता, त्यामुळे स्पीकर बहुतेक वेळ शांतच होता.

जुना_डागवाला
टॉवर नाही, फोनच आवाज करतो, याचा याहून चांगला पुरावा नाही. माणूस बोलत नसेल तर फोन कशाला बॅटरी जाळेल? नेटवर्कनं ती सोय चालू ठेवली असेल तर तो गप्प बसतो आणि मधूनमधून 'आहे मी' एवढं कळवतो.

तांबडामाती
आमच्या गावच्या घरी, देवगड बाजूला, हा आवाज पुण्याच्या घरापेक्षा कितीतरी जोरात येतो. फोन तोच, टेपरेकॉर्डर पण तोच, सुट्टीत बरोबर नेतो. जांभ्याच्या भिंती जाड म्हणून घुमतो का?

जुना_डागवाला
भिंतीमुळेच, पण घुमत नाही. भिंतीतून रेंज कमी येते. टॉवरला फोनचा आवाज क्षीण ऐकू आला की तो म्हणतो, "मोठ्यानं बोल." टॉवर जवळ असला तर म्हणतो, "ओरडू नको." पुण्यात तुमचा फोन कुजबुजतो, गावी बोंबलतो. खिडकीत ठेवून बघा, रेंजच्या दांड्या वाढल्या की घुर्र कमी होतं. फक्त अगदी पहिली हाक दोन्हीकडे जोरातच असते.

कानोकानी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण याच आवाजाचा. मी कानात यंत्र वापरते. जुना २जी फोन यंत्राजवळ धरला की कानात असाच घुर्र. यंत्र 'टी'वर ठेवलं की आणखी वाईट. यंत्रवाल्यांनी सांगितलं, नवीन फोन घ्या. घेतला, बरंच कमी झालं. पण 'टी'वर का वाढायचं ते कुणी सांगितलं नाही. तिथे तर माईक बंदच असतो.

जुना_डागवाला
इथे पावशेर जिंकले. 'टी'वर यंत्रातली तारेची वेटोळी चालू होते, ती चुंबकीय क्षेत्र ऐकते. पाळी आली की २जी फोन बॅटरीतून एकदम अँपिअर-दीड अँपिअर किंवा जास्त प्रवाह ओढतो, पाळी संपली की सोडतो. सेकंदाला तेच २१७ वेळा. बॅटरीच्या तारांतल्या त्या धक्क्यांचं चुंबकीय क्षेत्र थेट वेटोळीत उतरतं. तिथे लहर, एरियल, डायोड कशाचीच गरज नाही. म्हणजे तुम्हाला दोन वाटांनी एकच आवाज यायचा.

पावशेर
बघा, मी म्हणालो होतो चुंबक 😄

उंबरठा_इचल
आता तिसऱ्या प्रश्नाकडे. बाबांना आवाज बंद हवाय, गिऱ्हाईक दचकतं म्हणे. फोन दूर ठेवायला ते तयार नाहीत, टेबलावरच हवा. काय करू?

सॅन्डी_वाकड
सोप्पं. वायरीत फेराइटचं कडं घाल. मॉनिटरच्या केबलला जाड गाठ असते ना, ते. सगळा आवाज जातो.

जुना_डागवाला
सगळा जात नाही, पण थांब. आधी आवाज कुठून आत येतो ते शोधा, नाहीतर उगाच पैसे जातील. उंबरठा, बाबांच्या फोनवर तुमच्या फोनवरून कॉल लावा आणि हे करून बघा. एक, व्हॉल्यूम शून्यावर आणा. घुर्र गेलं तर ते व्हॉल्यूमच्या आधी आत येतंय. तसंच राहिलं तर नंतर. दोन, कॉम्प्युटरची वायर अॅम्प्लिफायरच्या मागून उपटा. तीन, झाकण उघडून आयसीचे नंबर वाचा.

उंबरठा_इचल
केलं.
व्हॉल्यूम शून्यावर: बरंच कमी, पण स्पीकरला कान लावला तर बारीक घुर्र आहे.
वायर उपटून, व्हॉल्यूम नेहमीएवढा: जवळजवळ गेला.
झाकण उघडलं: मोठ्या जाळीच्या पट्टीला चिकटलेली ४४४०. अलीकडे बास-ट्रेबलचा छोटा बोर्ड, त्यावर आठ पायांची ४५५८. वायर थेट बास-ट्रेबलच्या बोर्डावर येते, मध्ये काही नाही.

जुना_डागवाला
झालं निदान. वायर ही एरियल, ४५५८ हा डायोड. तिथे लहरीचं घुर्र बनतं, मग ते व्हॉल्यूममधून ४४४०कडे जातं. बारीक उरलेलं घुर्र स्पीकरच्या वायरींवरून उलट्या बाजूनं ४४४०मध्ये शिरत असणार. ते नंतर बघू.

उपाय: बास-ट्रेबल बोर्डाच्या इनपुटला आत येणाऱ्या तारेत १ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत घाला. रेझिस्टरच्या पलीकडे, आयसीच्या बाजूला, तिथून अर्थला १०० पीएफचा डिस्क कंडेन्सर. त्यावर १०१ लिहिलेलं असतं. दोन्ही चॅनेलला. दोन रुपयांचं काम. गाण्यावर परिणाम नाही, हे दोन मिळून जे कापतात ते दीड मेगाहर्ट्झच्या वरचं.

उंबरठा_इचल
आठवड्याचा हिशोब देतो.

आधी सॅन्डीचं ऐकलं, फुकटात होतं म्हणून. मेलेल्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधलं पिवळं-पांढरं कडं काढून वायरीचे पाच वेढे घातले. काही फरक नाही.

मग गावातल्या दुकानातून १०१चे चार आणि १केचे चार आणले. डाग दिले. कॉल लावला. आवाज थोडा कमी झाला, निम्मा म्हणा. पण गेला नाही. काय चुकलं?

जुना_डागवाला
पिवळं कडं लोहचूर्णाचं असतं, ते सप्लायच्या कामाचं, ९०० मेगाहर्ट्झला त्याचा उपयोग नाही. मॉनिटरवालं करडं थोडं बरं, पण तेही या फ्रिक्वेन्सीला दमतं.

कंडेन्सरचे पाय किती लांब ठेवलेत? फोटो टाका.

उंबरठा_इचल
फोटो टाकतोय. पाय आहेत तसेच ठेवले, दोन्ही बाजूंना इंचभर. वाकवून नीट बसवले.

जुना_डागवाला
तिथेच मेख आहे. मी सांगायला हवं होतं, चूक माझी. ९०० मेगाहर्ट्झला इंचभर तार ही तार राहत नाही, ती वेटोळ्यासारखी वागते. दोन्ही पाय मिळून वीसेक नॅनोहेन्रीपेक्षा जास्तच भरतात. लहरीला अर्थकडे जाताना शंभर ओहमच्या वर अडथळा लागतो, मग ती कशाला तिकडे वळेल? कंडेन्सर आहे पण त्याच्यापर्यंत रस्ताच नाही. पाय दोन-तीन मिलिमीटरवर कापा, पोट बोर्डाला टेकेल असं बसवा. अर्थ ४५५८च्या अगदी जवळचा घ्या, लांबचा नको.

उंबरठा_इचल
कापले. टेकवून डाग दिले.

बाबांचा फोन अॅम्प्लिफायरपासून हातभर, कॉल लावला. गाणं चालू असताना काही ऐकू येत नाही. गाणं थांबवलं तर पहिली एक 'टक्' येते, बाकी शांत. फोन थेट डब्यावर ठेवला तर मात्र घुर्र आहे, पूर्वीच्या मानानं हळू.

जुना_डागवाला
डब्यावर ठेवलात तर मी काय करणार! ती पहिली टक् म्हणजे जोरातली पहिली हाक. डब्यावरचं घुर्र स्पीकरच्या वायरीतून किंवा थेट बोर्डावर शिरतंय. डबा लाकडी आहे ना? पत्र्याचा असता तर बराच अडवला असता.

अंतराचं गणित फायद्याचं आहे, तेवढं लक्षात ठेवा. अंतर दुप्पट केलं की लहरीचा जोर चौथ्या हिश्श्यावर येतो, आणि डायोड जोराच्या हिशोबानं आवाज देतो. म्हणून वीतभर सरकवलेला फोनही मोठा फरक पाडतो. पूर्ण दोन वॉटवर बोलणारा फोन मीटरभरावर ७-८ व्होल्ट प्रति मीटर एवढं क्षेत्र तयार करू शकतो. घरगुती उपकरणांची चाचणी साधारण ३ व्होल्ट प्रति मीटरला घेतात. म्हणजे चाचणी पास झालेला कंपनीचा स्पीकरही दोन-अडीच मीटरच्या आत गुरगुरला तर त्याला नावं ठेवता येत नाहीत. तुमचा तर गावठी डबा.

सिडनीचीसुमन
इथे ऑस्ट्रेलियात २०१८नंतर २जी उरलंच नाही. माझी मुलगी दहा वर्षांची, मागच्या दिवाळीत पुण्याला आजोबांचा रेडिओ टकटकला तर ती म्हणाली, रेडिओ बिघडला. आजोबा म्हणाले, नाही गं, कुणाचा तरी फोन येतोय. आणि आला! तिला आजोबा जादूगारच वाटले.

सॅन्डी_वाकड
काका, कडं फेल गेलं ते मान्य. पण मग माझं सांगा. माझा फोन ४जी-५जी, तरी ऑफिसमधल्या कॉन्फरन्सच्या स्पीकरमध्ये कधीकधी टिक-टिक-टिक येतं. २जी नाही तर हे काय?

जुना_डागवाला
दोन शक्यता. एक, तुमचं सिम २जी असलेल्या कंपनीचं आणि आत बेसमेंटसारखी जागा असेल, तर फोन गुपचूप २जीवर उतरतो. वर कोपऱ्यात E दिसतं का बघा, किंवा अँड्रॉइडवर *#*#4636#*#* दाबून कुठल्या नेटवर्कवर आहे ते वाचा, बऱ्याच फोनांवर चालतं. दोन, ४जीचा एक प्रकार आहे ज्यात फोन आणि टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलतात, आपल्याकडे २३०० मेगाहर्ट्झवर आहे. त्यात पुन्हा पेटणं-विझणं आलं, फक्त जोर कमी. फोन अगदी चिकटून असला तर ऐकू येऊ शकतं.

सॅन्डी_वाकड
बघितलं. E नाही, LTE लिहिलंय. सूर पण घुर्रपेक्षा वेगळा वाटतो, बारीक.

सूरपेटी
रेकॉर्ड करून टाका ना इथे. सूर कुठला ते मी सांगतो, मग काका बघतील.

सॅन्डी_वाकड
सोमवारी ऑफिसला गेलो की करतो. परवापासून दोनदा प्रयत्न केला, रेकॉर्डर लावला की येत नाही.

उंबरठा_इचल
माझ्याकडून शेवटचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खिळा ठोकून कापडाची पिशवी अडकवली, बाबांचा फोन आता तिथे असतो. अॅम्प्लिफायरपासून चार हात. पहिली टक् पण बंद. फक्त काल बाबांनी सवयीनं तो पुन्हा डब्यावर ठेवला होता.